मोटोरोलाच्या फोनला सॅमसंगचं घड्याळ जोडलं, आता ईसीजी कुठे गेला?

बुधगावकर
मंडळी, मदत हवी आहे. बाबांना (वय ६८) गेलं वर्षभर अधूनमधून छातीत धडधडतं. दोन-चार मिनिटं होतं आणि थांबतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. एकदा हृदयाचे ठोके नोंदवणारं चोवीस तासांचं होल्टर लावून झालं, पण नेमकं त्या दिवशी काही झालंच नाही. डॉक्टर म्हणाले, धडधड होत असतानाच ईसीजीची पट्टी मिळाली तर बरं, हातातल्या घड्याळावर ईसीजी काढता येत असेल तर तो प्रयोग करून बघा.

म्हणून गॅलॅक्सी वॉच ६ घेतलं. दुकानदाराला मी तीनदा विचारलं, बाबांचा फोन मोटोरोलाचा आहे, चालेल ना? "अहो कुठलाही अँड्रॉइड चालतो, डोळे झाकून न्या." डोळे झाकून आणलं.

घरी जोडलं. पावलं, नाडी, झोप, फोन घेणं, सगळं झकास. ईसीजी काढायला गेलो की घड्याळ म्हणतं आधी फोनवर Samsung Health Monitor टाका, आणि ते बाबांच्या फोनवर घेताच येत नाही. Samsung Health तर केव्हाच टाकलंय. माझं काही चुकतंय का? घड्याळ खराब आहे का? बदलून घ्यायची मुदत पाच दिवस उरलीय.

---

नीलमोहर
घड्याळात खोट असणार किंवा सेटिंग चुकलं असणार. माझं सॅमसंगचं घड्याळ चक्क आयफोनला जोडलेलं आहे, चार वर्षं वापरतेय. तिथे चालतं तर मोटोरोलावर का नाही चालणार? एकदा रीसेट करून पाहा.

---

खटपट्या
बुधगावकर, घड्याळ ठणठणीत आहे आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. रीसेट केलंत तरी हेच दिसणार.

Samsung Health आणि Samsung Health Monitor ही दोन वेगळी ॲप आहेत, सगळा घोळ इथेच होतो. पहिलं कुठल्याही कंपनीच्या अँड्रॉइड फोनवर चालतं. पावलं, नाडी, झोप, रक्तातला ऑक्सिजन, शरीरातल्या चरबीचा अंदाज हे सगळं त्यात येतं. दुसरं फक्त गॅलॅक्सी फोनवर चालतं. ईसीजी, रक्तदाब आणि अनियमित ठोक्यांची सूचना ही तीन कामं या दुसऱ्या ॲपकडे आहेत. ईसीजीसाठी लागणारे धातूचे संपर्क घड्याळातच आहेत, बाबांच्या मनगटावर आत्ताही आहेत. पण सुरुवातीची नोंदणी, जन्मतारीख, अटी मान्य करणं आणि नंतर अहवाल दाखवणं हे फोनवरच्या ॲपचं काम. फोनकडचा तो अर्धा भाग नसेल तर घड्याळातला अर्धा भाग कुलूपबंद राहतो.

त्यामुळे दुकानदार खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. घड्याळ "चालतं" हे खरं. तुम्ही ज्यासाठी घेतलंत तेवढंच चालत नाही. असल्या अटी कंपनीच्या पानावर सगळ्यात खाली बारीक अक्षरात असतात.

नीलमोहर, तुमचं घड्याळ कुठलं? ॲक्टिव्ह २ किंवा वॉच ३ असणार, पैज.

---

नीलमोहर
ॲक्टिव्ह २! कसं ओळखलंत?

---

खटपट्या
कारण आयफोनला जोडलं जाणारी ती शेवटची पिढी. त्यांच्यात टायझन ही सॅमसंगची स्वतःची प्रणाली होती. २०२१ मध्ये वॉच ४ आलं तेव्हा सॅमसंग गूगलच्या वेअर ओएसवर गेलं आणि आयफोनची दारं बंद झाली. वॉच ४ पासून पुढचं कुठलंही मॉडेल आयफोनला जोडलंच जात नाही. अर्धवट वगैरे सोडा, अजिबात नाही. आता सांगा, तुम्ही कधी तुमच्या ॲक्टिव्ह २ वर ईसीजी काढलाय?

---

नीलमोहर
नाही, कधी शोधलाच नाही. आणि आता आठवलं, मेसेज दिसतात पण उत्तर देता येत नाही. मला वाटायचं ते तसंच असतं. 🙈

---

चकलीचा काटा
एवढं काय डोकं धरून बसलात राव. Health Monitor ची बदललेली फाइल इंटरनेटवर मिळते, कुठल्याही फोनवर बसते. मी स्वतः वनप्लसवर वर्षभर वापरली. बुधगावकर, लिंक व्यनि करू का?

---

खटपट्या
फाइल मिळते हे खरं, मीही कधीकाळी वापरलीय. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. कुणीतरी घरी बसून मोडतोड केलेल्या ॲपला आपण वडिलांच्या हृदयाची माहिती देतोय, ही एक. आणि घड्याळाचं अपडेट आलं की जोडी तुटते, मग नवी बदललेली फाइल येईपर्यंत थांबा, परत सगळं लावा. हौशी माणसाला त्यात मजा वाटेल. सांगलीत एकटे राहणाऱ्या ६८ वर्षांच्या माणसाला धडधड सुरू झाल्यावर "आवृत्ती जुळत नाही" असं दिसलं तर काय करायचं?

---

चकलीचा काटा
एकटे राहतात असं त्यांनी कुठे लिहिलंय? उगाच चित्र रंगवू नका. बाकी अपडेटचं खरं आहे, माझंही दोनदा तुटलं होतं. पण सॅमसंगने मुद्दाम अडवून ठेवलंय त्याचं काय? फिटबिटचा ईसीजी अँड्रॉइडवर आणि आयफोनवर दोन्हीकडे चालतो. पिक्सेल वॉचचाही कुठल्याही कंपनीच्या अँड्रॉइडवर चालतो. म्हणजे तांत्रिक अडचण शून्य. सरळ सरळ फोन विकायचा धंदा आहे.

---

खटपट्या
एकटे राहतात हे मी गृहीत धरलं, चूक मान्य.

धंदा आहे याबद्दल वाद नाही. पण हे ॲप वैद्यकीय उपकरण म्हणून देशोदेशी मंजूर करून घ्यावं लागतं, आणि मोजक्या फोनांची जबाबदारी घेणं कंपनीला सोपं जातं, हीही एक बाजू आहे. फिटबिटने ती जबाबदारी घेतली, यांनी नाही घेतली.

---

चकलीचा काटा
म्हणजे धंदाच.

---

कोपरगावचे अण्णा
नमस्कार. माझ्या घड्याळातही हाच प्रॉब्लेम आहे. नातवाने ऑनलाइन बाराशेचं घेऊन दिलं. इंग्रजी मेसेज बरोबर दिसतात, मराठी आला की नुसते चौकोन चौकोन. फोन विवोचा आहे. फोन बदलावा लागेल काय?

---

खटपट्या
अण्णा, फोनला हात लावू नका, पैसे वाया जातील. फोन मराठी अक्षरं बरोबरच पाठवतोय. घड्याळात देवनागरीचा फाँटच भरलेला नाही, म्हणून तिथे चौकोन उमटतात. कुठलाही फोन जोडलात तरी चौकोनच दिसतील. घड्याळाच्या ॲपमध्ये भाषा हिंदी करून घड्याळाचं अपडेट येतं का तेवढं पाहा. कधीकधी येतं.

---

सायली_डब्लिन
आमच्याकडे उलटी कथा. नवऱ्याकडे गार्मिन, फोन आयफोन. दीराकडे अगदी तेच गार्मिन, पण फोन अँड्रॉइड. दीर गाडी लावता लावता घड्याळावरून "पाच मिनिटात येतो" पाठवतो. आमच्या ह्यांच्या घड्याळात उत्तराचा पर्यायच नाही! कॉल घेणं-नाकारणं दोघांचंही चालतं, पण कॉल नाकारून सोबत मेसेज पाठवणं फक्त दीराचं. आम्ही महिनाभर सेटिंग उकरत होतो.

आणि मध्ये तर वेगळंच सुरू झालं. मेसेज आल्याचं कळायचं, पण मजकूर नाही. नुसतं ॲपचं नाव.

---

खटपट्या
सायली, यातल्या एकावर इलाज आहे, दुसऱ्यावर नाही.

मजकूर दिसत नाही त्यावर आहे. आयफोनमध्ये Settings, मग Notifications, मग Show Previews. तिथे बहुतेक फोनांत मुळात When Unlocked असतं, म्हणजे फोनचं कुलूप उघडल्याशिवाय मजकूर दाखवायचा नाही. ते Always करा. याची किंमत एवढीच की बंद फोनच्या पडद्यावरही मेसेज कुणालाही वाचता येतील. सूचनाच येत नसतील तर Bluetooth मध्ये घड्याळाच्या नावापुढच्या गोल i वर टिचकी मारा आणि Share System Notifications चालू आहे का ते पाहा. जोडताना घाईत नकार दिला गेला तर ते बंद राहतं.

उत्तर पाठवण्यावर मात्र इलाज नाही. आयफोन दुसऱ्यांच्या घड्याळाला सूचना वाचू देतो आणि "हो-नाही" एवढं एक बटण देतो, म्हणून कॉल घेता येतो. पण मेसेज पाठवायला बाहेरच्या घड्याळाला वाटच ठेवलेली नाही. गार्मिनने कितीही डोकं लावलं तरी उपयोग नाही, कारण कुलूप फोनच्या बाजूला आहे. बुधगावकरांच्या बाबतीत उलट. तिथे मोटोरोलाचा फोन काहीच अडवत नाहीये, घड्याळवाल्यानेच आपलं ॲप त्याला दिलेलं नाही.

---

सायली_डब्लिन
Show Previews ने काम झालं! सहा महिने जगाला शिव्या दिल्या ह्या माणसाने.

युरोपीय आयोगाने मार्च २०२५ मध्ये ॲपलला दुसऱ्या कंपन्यांच्या घड्याळांना सूचनांच्या बाबतीत जास्त मोकळीक द्यायला सांगितलंय, असं इथल्या बातम्यांत होतं. आम्हाला त्याचा फायदा होईल का?

---

खटपट्या
सांगितलंय खरं, आणि ॲपल त्याविरुद्ध कोर्टातही गेलंय. तो आदेश युरोपीय संघापुरता आहे, म्हणजे तुम्ही डब्लिनमध्ये आत आहात आणि आम्ही बाहेर. हातात काय पडतं ते तुम्हीच कळवा.

---

तांबडा_पांढरा
माझं वॉच ४ आहे आणि फोन शाओमीचा. सूचना सकाळी येतात, दुपारनंतर गायब. संध्याकाळी फोनवर घड्याळाचं ॲप उघडलं की सगळ्या धबाधबा एकदम येतात. म्हणजे हेही सॅमसंगने शाओमीवाल्यांना दिलेलं नाही असंच ना?

---

खटपट्या
नाही, हा वेगळा आजार. जी सोय खरंच मिळत नाही ती कधीच मिळत नाही, सकाळी नाही आणि संध्याकाळीही नाही. पर्याय मेनूत दिसतच नाही, किंवा दिसला तर दाबल्यावर ठरलेला एकच नकार येतो. बुधगावकरांचा ईसीजी तसा आहे. तुमचं येतं-जातं, आणि ॲप उघडलं की सुधारतं. याचा अर्थ फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागे चालणाऱ्या घड्याळाच्या ॲपला, म्हणजे Galaxy Wearable ला झोपवतेय.

त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीवरचं बंधन काढा आणि Autostart चालू करा. शाओमीत हा पर्याय वेगळा असतो. सॅमसंगच्या घड्याळाला फोनवर नुसतं Galaxy Wearable पुरत नाही, त्या मॉडेलचं एक छोटं प्लगइनही आपोआप बसतं. त्यालाही तेच करा, आणि Samsung Health लाही. लोक पहिल्याला करतात आणि बाकी दोघांना विसरतात.

---

तांबडा_पांढरा
प्लगइनचं माहीतच नव्हतं. केलंय, दोन दिवसांनी सांगतो.

पण आणखी एक. फोन सायलेंटवर, म्हणजे ते "व्यत्यय नको" लावलं तरी घड्याळ मनगटावर गुरगुरत राहतं. आणि घड्याळातून फोनचा कॅमेरा चालवता येतो म्हणे, ते सापडत नाही.

---

खटपट्या
हे दोन्ही मात्र खरंच गॅलॅक्सी फोनवाल्यांचंच. "व्यत्यय नको" तुम्हाला दोन्हीकडे वेगवेगळं लावावं लागेल. घड्याळावर त्याचं वेळापत्रक लावून ठेवा, रात्रीपुरता प्रश्न मिटेल. कॅमेऱ्याचा नाद सोडा.

---

ओपीडीनंतर
धागा उशिरा पाहिला. बुधगावकर, घड्याळाचा ईसीजी एका लीडचा असतो, म्हणजे हृदय एकाच बाजूने बघतो. ३० सेकंदांत ठोके नियमित आहेत की एट्रियल फिब्रिलेशनसारखे अनियमित, एवढं तो बऱ्यापैकी सांगतो. तुमच्या डॉक्टरांना तेच हवं आहे, त्यामुळे सल्ला योग्य. पण हार्ट अटॅक त्यात कळत नाही. छातीत दुखलं, घाम आला, दम लागला तर घड्याळावर बोट ठेवून बसायचं नाही, गाडी काढायची. बाबांना हे दोनदा सांगा.

आणि रक्तदाबाच्या सोयीकरता जीव जाळू नका. दर २८ दिवसांनी दंडाला पट्टा बांधायच्या मशीनवर तीनदा मोजून ते घड्याळ जुळवून घ्यावं लागतं. मशीन घरात आणायचंच आहे तर त्यावरच मोजा.

---

बुधगावकर
सगळ्यांचे आभार. डॉक्टर, सांगितलं बाबांना. बाबा एकटे राहत नाहीत, आई आहे, आणि ती घड्याळापेक्षा कडक आहे.

दुकानात परत गेलो होतो. घड्याळ "खराब नाही" म्हणून बदलून द्यायला नकार. मुदत खराब मालासाठी आहे म्हणे. त्यावर वाद घालून झाला, तो इथे लिहीत नाही.

आता माझ्यापुढे तीन वाटा आहेत. भाच्याचा जुना गॅलॅक्सी फोन कपाटात पडून आहे, तो वापरायचा. किंवा घड्याळ ओएलएक्सवर टाकून दुसरं घ्यायचं. किंवा बहिणीकडे आयफोन आहे, तिच्या फोनवरून ॲपल वॉच सुरू करून बाबांना द्यायचं. यात काही अडचण नसेल ना?

---

नीलमोहर
ॲपलवालं चांगलं वाटतंय. घरातल्या एकाच्या आयफोनवरून दुसऱ्याचं घड्याळ लावता येतं, मी वाचलंय. लहान मुलांना तसंच देतात.

---

खटपट्या
लावता येतं, पण सेल्युलर मॉडेल लागतं आणि नेमका ईसीजी त्या पद्धतीत मिळत नाही. अनियमित ठोक्यांची सूचनाही नाही. म्हणजे दुप्पट पैसे घालून परत याच धाग्यावर याल. आणि ॲपल वॉच बाबांच्या मोटोरोलाला थेट जोडायचं म्हणाल तर ते मुळात जोडलंच जात नाही.

भाच्याचा फोन काढा. फोन भारतात घेतलेला आहे ना, आणि त्यावर Galaxy Store मधून Health Monitor उतरतंय ना, एवढं घड्याळ जोडायच्या आधी बघा. उतरलं तर पुढे जा. घड्याळ एका वेळी एकाच फोनला जोडलेलं राहतं, हे मात्र डोक्यात ठेवा. जुन्या गॅलॅक्सीला जोडलंत की मोटोरोलावरचे कॉल आणि मेसेज घड्याळावर येणं बंद.

---

बुधगावकर
मग एका फोनवर नोंदणी करून ईसीजी सुरू करायचा आणि घड्याळ परत मोटोरोलाला जोडायचं, असं नाही जमणार?

---

खटपट्या
नव्या आवृत्त्यांत रीसेट न करता घड्याळ दुसऱ्या फोनला नेता येतं हे खरं. पण तिकडे Health Monitor नसताना ईसीजी किती दिवस टिकेल याची हमी मी देणार नाही. टिकला तरी अहवाल बघायला आणि पीडीएफ काढायला फोनवर ॲप हवंच. डॉक्टरांना काय दाखवणार, मनगट?

---

चकलीचा काटा
मी अजूनही म्हणतो, लिंक घ्या.

---

बुधगावकर
(पाच दिवसांनी)

झालं. सविस्तर लिहितो, पुढे कुणाला तरी लागेल.

भाच्याचा फोन चार्ज केला, फोन अपडेट केला, त्यातच दुपार गेली. आधी Health Monitor उतरतंय का ते पाहिलं, उतरलं. मग घड्याळ मोटोरोलापासून सोडवलं, रीसेट केलं आणि गॅलॅक्सीला जोडलं. फोनवर ॲप उघडून बाबांची जन्मतारीख, अटी वगैरे भरल्यावर घड्याळात ईसीजी जिवंत झाला.

पहिल्या दोन वेळा "नीट नोंद झाली नाही" असाच निकाल. बाबा उभे होते, हात हवेत, आणि बोट बटणावर असं दाबून धरलेलं की जणू लिफ्ट बोलावतायत. मग टेबलाशी बसवलं, कोपर टेबलावर, घड्याळ मनगटाच्या हाडापासून थोडं मागे घट्ट, आणि दुसऱ्या हाताचं बोट वरच्या बटणावर नुसतं टेकवलेलं. हात कोरडे पडले होते म्हणून आईने थोडं पाणी लावून पुसले. तिसऱ्यांदा ३० सेकंद पुरे झाले आणि सायनस ऱ्हिदम आला, म्हणजे ठोके नियमित. पीडीएफ डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवली. ते म्हणाले पट्टी वाचण्याजोगी आहे, आता धडधड होईल तेव्हा काढा. अजून झालेली नाही. झाली नाही तर उत्तमच, पण आता आम्ही सगळे तिची वाट बघत बसलोय अशी विचित्र परिस्थिती आहे.

राहिला प्रश्न कॉलचा. बाबांचं सिम गॅलॅक्सीत टाकून तोच मुख्य फोन करायचा असं ठरलं. बाबांनी दीड दिवस वापरला आणि सिम परत काढलं. कारण? मोटोरोलाचा फोन हातात धरून दोनदा झटकला की बॅटरी लागते. रात्री उठल्यावर त्यांना ती लागते. हा फोन त्यांनी दोनदा झटकला, तिसऱ्यांदा झटकला आणि तो पलंगाखाली गेला.

सध्या गॅलॅक्सी वायफायवर देवघराच्या फळीवर ठेवलाय, घड्याळ त्याला जोडलेलं, आणि खिशात मोटोरोला. तसंच चाललंय. गॅलॅक्सीत झटकून बॅटरी लावायची काही सोय आहे का?

---

तांबडा_पांढरा
माझ्या सूचना दिवसभर येऊ लागल्या, प्लगइनच होतं. खटपट्या, मिसळ माझ्याकडून.

बुधगावकर, गॅलॅक्सीत बाजूचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो, तिथे बॅटरी लावता येते का बघा. भाच्याच्या मॉडेलमध्ये असेलच असं नाही.